आठच कशावरून?

एक कागद घ्या आणि त्यातून हातभर नको, वीतभराचा चौरस कापा. चार कोपऱ्यांवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अ, ब, क, ड लिहा. वर डावीकडे अ, वर उजवीकडे ब, खाली उजवीकडे क, खाली डावीकडे ड. मग कागद उलटा करून मागच्या बाजूलाही त्याच कोपऱ्यावर तेच अक्षर लिहा. टेबलावर पेन्सिलीने या चौरसाची चौकट आखून ठेवा. आता कागद उचलायचा, हवा तसा वळवायचा, पण परत ठेवताना तो त्या चौकटीत नेमका बसला पाहिजे. किती तऱ्हांनी बसेल?

मोजायला सोपं आहे. अ चारपैकी कुठल्याही कोपऱ्यात जाऊ शकतो आणि कागदाची वरची बाजू वर असेल किंवा खाली. एवढं ठरलं की बाकीच्या कोपऱ्यांना आपली मर्जी उरत नाही. म्हणजे चार गुणिले दोन, आठ तऱ्हा. एका तऱ्हेवरून दुसरीवर नेणाऱ्या या आठ हालचालींच्या कुटुंबाला चौरसाचा डायहेड्रल ग्रुप म्हणतात. डायहेड्रल म्हणजे दोन पृष्ठांचा. आपला कागद तसाच आहे. (काही पुस्तकं त्याला D₄ म्हणतात, काही D₈. पहिली चौरसाच्या बाजू मोजतात, दुसरी हालचाली. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वेगळी पुस्तकं उघडणाऱ्याचे हाल होतात ते यामुळे.)

आठ हालचालींना आठ नावं द्यायची गरज नाही. दोन पुरतात. ‘फ’ म्हणजे फिरवणं: कागद घड्याळाच्या दिशेने पाव फेरी फिरवायचा. ‘प’ म्हणजे पलटणं: वहीचं पान उलटतो तशी डावी कड उजवीकडे न्यायची. पलटण्याचा उभा आस टेबलावर पक्का आहे, तो कागदाबरोबर फिरत नाही. इथे गफलत झाली की पुढचं सगळं चुकतं. या दोन अक्षरांची माळ म्हणजे एक शब्द, आणि तो डावीकडून वाचायचा. ‘फफप’ म्हणजे दोनदा फिरवा, मग पलटा. फ आणि प हे या ग्रुपचे जनक. त्यांच्यापासून सगळं घडतं म्हणून जनक.

शब्द मात्र अगणित आहेत आणि हालचाली आठच, म्हणजे बरेच शब्द एकाच हालचालीची वेगवेगळी नावं असणार. कुठला शब्द कुठल्या शब्दाबरोबर हे सांगणारे नियम म्हणजे संबंध. कुठल्याही पाठ्यपुस्तकात चौरसासाठी हे तीन दिलेले असतात:

फफफफ = १
पप = १
पफप = फफफ

इथे १ म्हणजे ‘काहीच केलं नाही’, शाळेतल्या भाषेत अविकारक. पहिले दोन उघड आहेत: चार पाव फेऱ्यांची एक पूर्ण फेरी होते आणि दोनदा पलटलेलं पान पूर्वीसारखं होतं. तिसऱ्याला जरा थांबावं लागतं. पारदर्शक काचेवर लावलेलं घड्याळ मागून पाहिलंत तर काटे उलटे फिरताना दिसतात. कागद पलटून, घड्याळाच्या दिशेने पाव फेरी देऊन परत पलटलात की मूळ बाजूकडून पाहता तो उलट दिशेने पाव फेरी फिरलेला असतो. उलटी पाव फेरी म्हणजेच सुलट्या तीन. करून पाहा, अ खाली डावीकडे आलेला दिसेल.

इथपर्यंत कुणाचंच दुमत नसतं. पुस्तक पुढे म्हणतं की हे तीन संबंध ‘पुरेसे’ आहेत, आणि पडताळणी वाचकावर सोपवून मोकळं होतं. माझी भाची गणितात बीएस्सी करते. गेल्या मे महिन्यात ती असाच एक ताव घेऊन माझ्यासमोर बसली होती. तिने तिन्ही संबंध कागदावर करून पाहिले होते आणि खाली लिहिलं होतं: ‘तिन्ही खरे आहेत, म्हणून सिद्ध.’

खरं असणं आणि पुरेसं असणं यांत अंतर आहे. तिन्हींऐवजी पहिले दोनच घेतले असते तरी ते खरेच होते. पुरेसं याचा अर्थ असा: चौरसावर सारखाच परिणाम करणारे कुठलेही दोन शब्द घ्या, कितीही लांबलचक, कागद बाजूला ठेवून निव्वळ या तीन नियमांनी अक्षरं बदलत एका शब्दापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचता आलं पाहिजे. कागदाबद्दलचं प्रत्येक खरं वाक्य या तिघांतून निघालं पाहिजे. अशी वाक्यं अनंत आहेत, ती एकेक करून तपासता येत नाहीत. मग तपासायचं कसं?

पहिलं काम आवराआवरीचं. तिसऱ्या नियमाच्या दोन्ही बाजूंना शेवटी एकेक प जोडा. डावीकडे पफपप होतं, त्यातला पप गळतो आणि उरतं पफ = फफफप. याचा उपयोग असा की फ च्या आधी आलेला प त्याला ओलांडून उजवीकडे जाऊ शकतो. मोबदल्यात एका फ चे तीन होतात. आता कुठलाही शब्द घ्या. त्यातला सगळ्यात उजवीकडचा प धरा आणि त्याच्या पुढचे सगळे फ ओलांडून त्याला टोकाला न्या. मग त्याच्या डावीकडचा प धरा, त्यालाही तसंच न्या. दोन प शेजारी आले की दोघेही गळतात. चार फ जमले की तेही गळतात. फ वाढत जातात म्हणून हे काम कधी संपणारच नाही असं वाटतं खरं, पण प ची संख्या कधीच वाढत नाही आणि प्रत्येक प ला ठरावीक फ च ओलांडायचे असतात, तेव्हा काम संपतंच.

एक उदाहरण हाताने करू. पफफपफ हा शब्द. उजवीकडचा ‘पफ’ बदलून ‘फफफप’ केला की पफफफफफप होतो. मध्ये पाच फ आहेत, त्यातले चार गळतात, पफप उरतो आणि तिसऱ्या नियमाने तो फफफ होतो. आता कागदाने खातरजमा. सुरुवातीला वर डावीकडून घड्याळाच्या दिशेने वाचलं तर अ ब क ड. पलटल्यावर ब अ ड क. दोनदा फिरवल्यावर ड क ब अ. पुन्हा पलटल्यावर क ड अ ब. एकदा फिरवल्यावर ब क ड अ. आणि नुसतं तीनदा फिरवलं तरी ब क ड अ. जमलं.

तेव्हा प्रत्येक शब्दाचं शेवटी एक आवरलेलं रूप होतं: आधी शून्य ते तीन फ, मग असेल तर एक प. अशी रूपं किती? १, फ, फफ, फफफ, प, फप, फफप, फफफप. आठ.

भाचीला हे मी सांगायची गरज पडली नाही, दुसऱ्या दिवशी तीच करून घेऊन आली. ‘आठ आले मामा. चौरसाचेही आठच. झालं की!’

मला वाटतं बहुतेक जण इथे थांबतात, कारण उत्तर जुळलेलं असतं. पण आवराआवरीने एवढंच कळतं की घटक आठांपेक्षा जास्त नाहीत. कमी असू शकतात. नियमांच्या पोटात अजून एखादी फिरवाफिरवी दडलेली असेल आणि तिने या आठांतलेच दोन एकमेकांना समान ठरवले तर? सगळे शब्द धुंडाळून तर झाले नाहीत.

ही भीती पोकळ नाही हे दाखवायला मी तिला तिसरा नियम किंचित बदलून दिला: पफप = फफफ च्या ऐवजी पफप = फफ. बाकी दोन तसेच. आवराआवरी पूर्वीसारखीच चालते. पफ = फफप, प उजवीकडे सरकतो, शेवटी तीच आठ रूपं उरतात. पाहायला अगदी तसाच ग्रुप. आता पफप ला पफप ने गुणा. पफप·पफप मधला पप गळून पफफप होतो. पण पफप म्हणजे फफ असल्यामुळे हाच गुणाकार फफ·फफ, म्हणजे फफफफ, म्हणजे १ आहे. तर पफफप = १. दोन्ही टोकांना प लावले की फफ = १. मग मूळ नियमानुसार पफप = फफ = १, आणि पुन्हा दोन्ही टोकांना प लावले की फ = १. फ च गेला! आठ रूपांपैकी चार १ झाली आणि चार प. उरले दोन घटक. कागदावर आठ खुर्च्या मांडल्या होत्या, बसायला दोनच माणसं आली.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे आपल्या खऱ्या नियमांतही असं काही दडलं असेल. नाही हे कसं दाखवायचं? मी कुठवर शोधत बसू?’

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर शोधात नाही. ते कागदात आहे, सुरुवातीला कापलेल्या त्या चौरसात.

तिन्ही नियम कागदासाठी खरे आहेत, हे आपण तपासलं होतं. म्हणजे नियम वापरून एखादा शब्द बदलला तरी त्या शब्दाने कागद जिथे पोहोचतो ती जागा बदलत नाही. एकदा बदला, हजारदा बदला, जागा तीच. आता आवरलेली आठ रूपं कागदावर चालवून पाहा. १, फ, फफ, फफफ यांनी अ चार वेगवेगळ्या कोपऱ्यांत जातो आणि वरची बाजू वरच राहते. उरलेल्या चारांतही अ चार वेगवेगळ्या कोपऱ्यांत जातो, पण मागची बाजू वर येते. आठही जागा वेगळ्या. समजा नियमांच्या कुठल्याशा वळणावळणाच्या वाटेने फफ आणि फप समान ठरले असते, तर कागदाच्याही त्या दोन जागा एकच असत्या. त्या तर डोळ्यांसमोर वेगळ्या आहेत. म्हणून अशी वाट नाही. एकही शब्द न धुंडाळता आपण सगळ्या वाटा बंद केल्या.

सुरुवातीला भाचीने जे एकच काम केलं होतं, नियम कागदासाठी खरे आहेत हे तपासण्याचं, ते वाया गेलं नव्हतं. ते अर्धं होतं. आवराआवरी म्हणते आठांपेक्षा जास्त नाहीत. कागद म्हणतो आठांपेक्षा कमी नाहीत. आणि दोन्ही हातात आल्यावर पुरेसेपणाही आपोआप पदरात पडतो. कागदावर सारखाच परिणाम करणारे कुठलेही दोन शब्द घ्या. दोन्ही आवरा. आवरलेली रूपंही कागदाला एकाच जागी नेतात, पण आठही रूपं वेगवेगळ्या जागी नेतात, म्हणून दोघांचं आवरलेलं रूप एकच असलं पाहिजे. पहिल्या शब्दापासून त्या रूपापर्यंत उतरा, तिथून दुसऱ्या शब्दापर्यंत चढा. निव्वळ नियमांची वाट मिळाली.

या दुसऱ्या अर्ध्यामागचं तत्त्व वाल्टर फॉन डिक या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. फेलिक्स क्लाइनचा हा विद्यार्थी. १८८२ साली त्याने जनक आणि संबंध यांनी ग्रुप सांगण्याची रीत पद्धतशीरपणे मांडली. त्याचं म्हणणं असं सांगता येईल: नुसत्या नियमांतून जन्मणारा ग्रुप हा त्या जनकांच्या आणि त्या नियमांच्या सगळ्या ग्रुपांत सर्वांत मोकळा असतो. ते नियम पाळणारा दुसरा कुठलाही ग्रुप ही त्याची आक्रसलेली प्रत. आपला कागद अशी एक प्रत आहे आणि तिच्यात आठ घटक आहेत, तेव्हा मूळ ग्रुप आठांहून लहान असूच शकत नाही.

हेच हत्यार उलट्या कामालाही येतं. एखादा नियम फालतू नाही, तो बाकीच्यांतून निघत नाही, हे दाखवायचं असेल तर बाकीचे नियम पाळणारी पण तो मोडणारी एक वस्तू शोधायची. तिसऱ्या नियमासाठी आम्ही स्वयंपाकघरातल्या चार वाट्या ओळीने मांडल्या. फ म्हणजे पहिली वाटी उचलून शेवटी ठेवणं. प म्हणजे पहिल्या दोन वाट्यांची अदलाबदल. चारदा फ केलं की ओळ पूर्ववत, दोनदा प केलं की पूर्ववत. पहिले दोन नियम पाळले गेले. आता वाट्या अ ब क ड असताना पफप करा: ब अ क ड, मग अ क ड ब, मग क अ ड ब. आणि फफफ केलं तर येतं ड अ ब क. वेगळं. म्हणजे पहिल्या दोन नियमांतून तिसरा कधीच निघणार नाही, कितीही हुशारी केली तरी. या दोन चालींनी वाट्यांच्या चोवीसच्या चोवीस रचना मिळतात, आणि वाट्या हीसुद्धा आक्रसलेली प्रतच आहे. फक्त पहिले दोन नियम घेतले तर फपफपफप… ही माळ कुठेच आवरत नाही, तो ग्रुप अनंत आहे.

बाजू पाच, सहा, सतरा कितीही असोत, पडताळणी हीच. चार फ च्या जागी तितके फ, तिसरा नियम ‘पफप म्हणजे उलटा फ’, आवराआवरीने दुप्पट रूपं, आणि कापलेल्या बहुभुजाकृतीच्या तेवढ्याच जागा. आपलं नशीब एवढंच की आपल्याकडे कागद होता. कुणी नुसतेच नियम पाठवले, वस्तू न देता, तर गोष्ट अवघड होते. टॉड आणि कॉक्सेटर यांनी १९३६ मध्ये अशा नियमांवरून घटकांचा तक्ता भरत जाण्याची रीत दिली. ग्रुप सांत असेल तर तक्ता कधी ना कधी पुरा होतो, पण कधी ते आधी सांगता येत नाही, आणि अनंत असेल तर तो भरतच राहतो. शिवाय १९५५ मध्ये रशियाच्या नोविकोव्हने दाखवलं की काही नियमावल्या अशा आहेत, जिथे दोन शब्द समान आहेत का हे दर वेळी सांगू शकणारी कुठलीही यांत्रिक रीत असणंच शक्य नाही. डायहेड्रल ग्रुप ही शांत गल्ली आहे.

शांत गल्लीतही ठेच लागते हे मला भाचीनेच दाखवलं. जायच्या दिवशी ती म्हणाली, ‘मामा, तिसरा नियम तू पफप = फफफ असा लिहिलास. माझ्या पुस्तकात पफप म्हणजे उलटा फ असं आहे. दोन्ही एकच ना?’

‘एकच. चार फ ची एक फेरी, म्हणून तीन सुलटे म्हणजे एक उलटा.’

‘पण ते पहिल्या नियमामुळे. मी पहिला काढून टाकला तर?’

मी थांबलो. पुस्तकातलं रूप घेतलं तर उत्तर माहीत होतं. दोन्ही दिशांना न संपणारी सरळ रेषा आणि तिच्यावर सारख्या अंतरावर खुणा. फ म्हणजे एक खूण पुढे सरकणं, प म्हणजे आरशासारखं उलटं होणं. अनंत डायहेड्रल ग्रुप. माझ्या रूपाचं काय, ते मात्र मी कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही तिथेच मांडलं. पप = १ आणि पफप = फफफ, एवढंच. पफप चा घन करा, म्हणजे तो तीनदा लिहा: मधले पप गळून पफफफप राहतो. तोच घन दुसरीकडून फफफ चा घन, म्हणजे नऊ फ. आता पफफफप मध्ये फफफ च्या जागी पफप ठेवा: पपफपप, म्हणजे नुसता फ. तेव्हा नऊ फ = एक फ, आणि आठ फ = १. पहिला नियम काढून टाकला तरी ग्रुप अनंत झाला नाही. आवराआवरीने जास्तीत जास्त आठ गुणिले दोन, सोळा.

‘आणि कमीत कमी?’ तिने विचारलं. या वेळी तिने आपणहून विचारलं.

कागद कामाला येईना, त्याच्या जागा आठच. वीसेक मिनिटांनी तिला एक घड्याळ सुचलं, आठ आकड्यांचं, ० ते ७. फ म्हणजे काटा एक घर पुढे. प म्हणजे आकड्याला तीनने गुणायचं आणि आठाने भागून बाकी घ्यायची. दोनदा तीनने गुणलं की नऊपट, नऊची बाकी एक, म्हणून पप = १. पफप: तिप्पट, अधिक एक, पुन्हा तिप्पट, म्हणजे नऊपट अधिक तीन, म्हणजेच तीन घरं पुढे, फफफ. दोन्ही नियम पाळले. आणि ‘आकडा अधिक काहीतरी’ किंवा ‘तिप्पट अधिक काहीतरी’, प्रत्येकी आठ, अशा सोळा वेगवेगळ्या चाली झाल्या. सोळा म्हणजे सोळाच.

ताव घडी करताना तिने घड्याळावरचे आकडे आठाचे चार केले आणि मला दाखवलं. चारच आकडे असतील तर तिप्पट आणि उलटं यांत फरकच राहत नाही: १ चा ३ होतो, ३ चा १, आणि ० व २ जागीच. आपला कागद परत आला होता.